किराणाच्या चिठ्ठीतल्या दहाच्या जोड्या

महिन्याचं वाणसामान बांधून झालं की दुकानदार कागदाच्या कपट्यावर एकाखाली एक आकडे लिहितो, पेनाचं टोक त्या रांगेवरून झरझर खाली येतं आणि आपण पिशव्या आवरेपर्यंत तळाशी बेरीज मांडलेली असते. बघणाऱ्याला वाटतं, याचं डोकं भलतंच तल्लख आहे. पण त्याच्या पेनाकडे नीट पाहिलं तर कळतं की ते दरवेळी सरळ खाली येत नाही. मध्येच एक ओळ सोडून पुढे जातं, मागे येतं, एखाद्या आकड्यापाशी बारीक ठिपका देतं. बेरजेचा वेग त्या मागेपुढे होण्यात आहे.

शाळेत आपण बेरीज वरून खाली शिकलो. एककाच्या रांगेतला पहिला अंक घ्यायचा, त्यात दुसरा मिळवायचा, मग तिसरा. चार-पाच ओळींपर्यंत हे छान चालतं. ओळी पंधरा झाल्या की त्रास सुरू होतो, कारण प्रत्येक पायरीला डोक्याला दोन कामं करावी लागतात. आतापर्यंतची बेरीज धरून ठेवायची आणि तिच्यात नवा अंक मिळवायचा. चौवेचाळीस आणि आठ बावन्न, बावन्न आणि आठ साठ, साठ आणि नऊ एकोणसत्तर. यातली कुठलीही मिळवणी अवघड नाही. अवघड आहे ते धरून ठेवणं. शेजारच्या गिऱ्हाइकाने ‘साबुदाणा आहे का हो?’ असं विचारलं की हातातले बावन्न निसटतात आणि पुन्हा वरून सुरुवात.

यावरचा उपाय बेरजेच्या एका साध्या गुणातून येतो. आकडे कुठल्याही क्रमाने मिळवले तरी उत्तर बदलत नाही. चिठ्ठीवरचा क्रम सामान निघालं तसा पडलेला असतो, तो पाळायचं बंधन बेरजेवर नाही. मग ज्या आकड्यांचे मिळून पूर्ण दहा किंवा पूर्ण शंभर होतात, त्यांना आधी एकत्र आणलं तर धरून ठेवायला फक्त सरळ, शून्यान्ती आकडे उरतात.

हे एका चिठ्ठीवरच करून पाहू. भाव उदाहरणापुरते घेतले आहेत.

तांदूळ, ५ किलो : २९०
गहू, ५ किलो : १८५
तूरडाळ, १ किलो : १४८
मूगडाळ, अर्धा किलो : ५७
साखर, २ किलो : ९२
शेंगदाणे, अर्धा किलो : ६८
गोडेतेल, १ लिटर : १५५
चहा पावडर, पाव किलो : १३२
पोहे, १ किलो : ५४
रवा, अर्धा किलो : २३
साबुदाणा, अर्धा किलो : ३८
मीठ, १ किलो : २८
हळद, १०० ग्रॅम : २९
अंगाचा साबण, तीन वड्या : ९९
भांड्यांचा साबण : ४५

एककाच्या रांगेतल्या जोड्या

दहा करणाऱ्या जोड्या पाचच आहेत. एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा आणि पाच-पाच. त्या पाठ असतातच, पण इथे त्या आठवायच्या नाहीत, दिसायला हव्यात. आठ दिसला की नजरेने दोन शोधायला लागायचं, एवढाच सराव.

आता फक्त एककाचे अंक पाहा. तांदळाचं शून्य बाजूला. गव्हातले पाच आणि तेलातले पाच मिळून एक दहा. तूरडाळीचे आठ आणि साखरेचे दोन, दुसरा दहा. मूगडाळीचे सात आणि रव्याचे तीन, तिसरा. शेंगदाण्यांचे आठ आणि चहाचे दोन, चौथा. प्रत्येक जोडी जुळली की त्या दोन्ही अंकांवर बारीक तिरकी रेघ मारायची.

रेघा मारून झाल्या की उरतात चार, आठ, आठ, नऊ, नऊ आणि पाच. यांत आठाला दोन नाही आणि नवाला एकही नाही. जोडी मिळेनाशी झाली की त्रिकूट शोधायचं. आठ, आठ आणि चार मिळून वीस होतात. नऊ, नऊ आणि दोन, सात, सात आणि सहा, तसंच सहा, सहा आणि आठ ही वीस करणारी नेहमीची त्रिकुटं, तर तीन, तीन आणि चार किंवा दोन, तीन आणि पाच ही दहा करणारी. आपल्याकडे पोह्यांचे चार, साबुदाण्याचे आठ आणि मिठाचे आठ हे वीस झाले. उरलेले दोन नऊ आणि एक पाच मिळून तेवीस. चार दहा म्हणजे चाळीस, त्यात वीस मिळवून साठ आणि वर तेवीस. एककाची बेरीज ८३. खाली तीन लिहायचे, हातचे आठ.

दशकाच्या रांगेत तेच करायचं, फक्त हातच्या आठलाही त्या रांगेतला एक अंक समजायचं. हातचा शेवटी मिळवायचा म्हणून बाजूला ठेवला की नेमका तोच विसरतो. सुरुवातीलाच त्याला जोडीदार दिला की प्रश्न मिटतो. इथे हातच्या आठला मिठाचे दोन जुळतात, गव्हाच्या आठला रव्याचे दोन, तूरडाळीच्या चाराला शेंगदाण्यांचे सहा, मूगडाळीच्या पाचाला तेलाचे पाच. हे चाळीस झाले. तांदूळ आणि साखरेचे दोन नऊ हळदीच्या दोनाबरोबर वीस होतात. चहाचे तीन, साबुदाण्याचे तीन आणि भांड्यांच्या साबणाचे चार मिळून दहा. राहिले पोह्यांचे पाच आणि अंगाच्या साबणाचे नऊ, म्हणजे चौदा. एकूण ८४. चार लिहायचे, हातचे आठ. शतकाच्या रांगेत दोन आणि चार वेळा एक, असे सहा. हातचे आठ मिळवून चौदा. बेरीज १४४३ रुपये.

यात कुठेही बावन्न, एकोणसत्तर असे आडनिडे आकडे धरून ठेवावे लागले नाहीत. मध्येच कुणी हाक मारली तरी रेघा मारलेले अंक कागदावर आहेत, तिथूनच पुढे जाता येतं.

पूर्ण किमतींच्या जोड्या

कागदावर रेघा मारायची सोय असेल तेव्हा रांगेनुसार बेरीज उत्तम. पण पुष्कळदा आपण गल्ल्यासमोर उभे असतो, चिठ्ठी दुकानदाराच्या हातात असते आणि मनातल्या मनात ताडून बघायचं असतं. तिथे रांगा पाडण्यापेक्षा अख्ख्या किमती जुळवणं सोपं पडतं. जोडी ठरवताना पाहायचा मात्र एककाचाच अंक.

गहू १८५ आणि तेल १५५ यांचे शेवटचे अंक पाच आणि पाच, म्हणून ३४०. तूरडाळ १४८ आणि साखर ९२, झाले २४०. मूगडाळ ५७ आणि रवा २३, झाले ८०. शेंगदाणे ६८ आणि चहा १३२ जुळवताना तर पूर्ण २०० पदरात पडतात. पोहे ५४, साबुदाणा ३८ आणि मीठ २८ यांचं त्रिकूट १२० होतं.

आता हाती आलेले आकडे शून्यान्ती आहेत, म्हणून त्यांचीही पुन्हा जुळणी करता येते, या वेळी शंभराची. ३४०, २४० आणि १२० यांत चाळीस, चाळीस आणि वीस मिळून शंभर होतात, म्हणून ते तिघं मिळून ७००. त्यात चहा-शेंगदाण्यांचे २०० म्हणजे ९००. तांदळाचे २९० आणि मूगडाळ-रव्याचे ८० मिळून ३७०. एकूण १२७०. हळद, दोन्ही साबण एवढंच राहिलं.

शेंगदाणे आणि चहाची जोडी एकदम शेकड्यात बसली, ती ओळखायची एक खूण आहे. शंभर करणाऱ्या जोडीत एककांची बेरीज दहा येते आणि दशकांची नऊ. ६८ ला ३२ लागतात. आठ आणि दोन दहा, सहा आणि तीन नऊ. दशकांची बेरीज दहा नसून नऊ का, तर एककांनी एक दहा आधीच पुढे पाठवलेला असतो. घाईत नेमकी इथे गल्लत होते. ६८ ला ४२ जोडीदार वाटतात, कारण सहा आणि चार दहा होताना दिसतात, पण ती बेरीज ११० येते. दोन्ही किमतींच्या शेवटी शून्य असेल तेव्हा मात्र दशकांची बेरीज दहाच लागते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. एककाच्या जोड्या जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत भरपूर सापडतात, शंभराच्या जोड्या क्वचित. त्या शोधत बसलात तर वेळ वाचायच्या ऐवजी जाईल. म्हणून आधी दहा करायचे आणि मग त्या गोळा केलेल्या शून्यान्ती आकड्यांतून शंभर करायचे, हा क्रम बरा.

नऊ येणाऱ्या किमती

उरलेल्या तिघांत हळद २९ आणि अंगाचा साबण ९९ आहेत. पाकिटबंद मालाच्या किमती ४९, ९९, १४९, १९९ अशा ठेवायची रीतच पडली आहे आणि नवाचा जोडीदार एक हा अंक शेवटी असलेली किंमत चिठ्ठीत फार कमी दिसते. अशा किमतींना जोडीदार शोधूच नये. २९ ला ३० म्हणावं, ९९ ला १०० आणि एका हाताची दोन बोटं दुमडावीत. तीस आणि शंभर १३०, त्यातून दोन वजा, १२८. भांड्यांच्या साबणाचे ४५ मिळवून १७३. मघाच्या १२७० मध्ये हे घातले की पुन्हा १४४३.

ही युक्ती करताना पक्कं ठरवायचं की आकडा नेहमी वरच न्यायचा आणि बोटांवर फक्त ‘वजा करायचे’ हेच मोजायचं. काही जण ९९ ला शंभर म्हणतात आणि पुढे १०२ लाही शंभर म्हणतात. मग काही बोटं वजाची, काही अधिकची होतात आणि शेवटी कुठली कुठली हेच आठवत नाही. १०२ मधले दोन कुठल्यातरी आठाला लागतील, त्यांना तसंच राहू द्यावं.

आण्यांच्या हिशेबात दहा चालत नव्हते

दहांचे गट करण्याची ही सोय रुपयाचे शंभर भाग झाल्यामुळे चिठ्ठीच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचली. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली. त्याआधी एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याच्या बारा पै होत्या. रुपयांच्या रांगेत दहा जुळवता येत, पण आण्यांच्या रांगेत सोळा जुळवावे लागत. सात आण्यांना नऊ, सहाला दहा, बाराला चार असे जोडीदार तिथे शोधावे लागत. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली आणि आठ आण्यांची अधेली ही नाणी सोळाच्याच पायऱ्या होत्या, त्यामुळे चार पावल्यांचा किंवा दोन अधेल्यांचा रुपया करणं हाताला सवयीचं होतं. तत्त्व तेच होतं, पुढच्या रांगेत जाताना जेवढ्यांचा एक होतो तेवढ्यांचा गट करायचा. आज पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आहेत आणि किराणाची चिठ्ठी बहुतेक पूर्ण रुपयांतच असते, त्यामुळे दहा आणि शंभर एवढं पुरतं.

चूक कुठे होते

क्रम मोडून बेरीज करण्यात एक धोका आहे. एखादी ओळ राहून जाते किंवा दोनदा घेतली जाते. वरून खाली येणाऱ्याकडून ही चूक सहसा होत नाही, उड्या मारणाऱ्याकडून होते. म्हणून ती तिरकी रेघ हा या पद्धतीचा निम्मा भाग आहे. मनातल्या मनात करताना रेघ मारता येत नाही, तेव्हा ओळी मोजाव्यात. आपण गहू-तेल, तूरडाळ-साखर, मूगडाळ-रवा, शेंगदाणे-चहा अशा चार जोड्या म्हणजे आठ ओळी घेतल्या, एक त्रिकूट म्हणजे तीन, सुटे चार. एकूण पंधरा. चिठ्ठीतही पंधराच आहेत, म्हणजे काही सुटलेलं नाही.

बेरजेचा ताळा पाहायची जुनी रीत नवांची आहे. दुसऱ्या आर्यभटाच्या ‘महासिद्धान्त’ या ग्रंथात ती सांगितलेली आहे. प्रत्येक किमतीतल्या अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची, नऊ आले तर ते सोडून द्यायचे. २९० चे दोन आणि नऊ अकरा, अकराचे दोन. १८५ चे चौदा, चौदाचे पाच. असं पंधराही किमतींचं केलं की त्या सुट्या अंकांची बेरीज ३९ येते, तिचे बारा, बाराचे तीन. उत्तर १४४३, त्याचे एक, चार, चार, तीन मिळून बारा, पुन्हा तीन. ताळा जमला.

पण ताळा जमला म्हणजे बेरीज बरोबरच, असं समजू नये. आपल्याच चिठ्ठीत ५४, ९९ आणि ४५ या किमतींचे अंक मिळून नऊ किंवा नवाच्या पटीत येतात. यातली एखादी ओळ पूर्ण राहून गेली तरी ताळा जमतोच. हळदीचे २९ चुकून २९० धरले तरी ताळ्याला कळत नाही, कारण शून्याने अंकांची बेरीज बदलत नाही. ओळ राहिली तर ती ओळी मोजून कळते. शून्य वाढलं तर ते अंदाजाने कळतं. प्रत्येक किंमत जवळच्या दहावर नेऊन, पाच असतील तर वर नेऊन, भरभर मिळवली तर या चिठ्ठीचा अंदाज १४६० येतो. खरी बेरीज त्याच्या आसपासच असणार. १७०० च्या पुढे गेली तर कुठेतरी शून्य वाढलंय. तीन तपासण्यांपैकी प्रत्येकीला काही चुका दिसत नाहीत, पण एकीला न दिसलेली चूक बहुतेक वेळा दुसरीला दिसते.

आपली बेरीज आणि दुकानदाराची बेरीज जुळली नाही तर सगळं पुन्हा करण्याआधी दोन्हींतला फरक काढावा. चूक कुठली असेल ते बऱ्याचदा तो फरकच सांगतो. फरक बरोबर दहाचा किंवा शंभराचा असेल तर हातचा राहिला किंवा जास्त घेतला गेला आहे. फरकाएवढीच एखादी किंमत चिठ्ठीत असेल तर ती ओळ सुटली किंवा दोनदा धरली गेली. आणि फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते. समजा दुकानदाराने १४७९ सांगितले. फरक ३६, त्याला नवाने भाग जातो आणि ३६ रुपयांची ओळ चिठ्ठीत नाही. मग अंक उलटल्यावर ३६ ने वाढेल अशी किंमत शोधायची. तूरडाळीचे १४८ चुकून १८४ धरले गेले. फरक ५४ असता तर आधी पोह्यांच्या ओळीकडे पाहायचं, कारण ५४ ला नवाने भाग जात असला तरी तेवढी किंमत चिठ्ठीतच हजर आहे.

एकाने किमती वाचायच्या आणि दुसऱ्याने लिहायच्या, अशा वेळी ही अदलाबदल जपावी. मराठीत आपण अडुसष्ट म्हणताना आठ आधी उच्चारतो आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी येतात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक’, ‘साठ आठ’ अशी संख्यांची फोड आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. बोलताना कुणी काहीही म्हणो, तोंडी बेरजेला ही फोड उपयोगी पडते. ५७ आणि २३ मिळवताना पन्नास-वीस सत्तर, सात-तीन दहा, झाले ऐंशी, असं म्हटलं की दशक आणि एकक आपापल्या जागी राहतात.

चिठ्ठी फारच लांब असेल तर

पंधरा-वीस ओळींपर्यंत जोडीदार नजरेच्या टप्प्यात असतो. लग्नघरच्या किंवा दिवाळीच्या फराळाच्या यादीत ओळी साठ-सत्तर झाल्या की पहिल्या ओळीतल्या आठाचा जोडीदार शेवटच्या पानावर शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे दर दहा ओळींखाली एक आडवी रेघ मारावी, तेवढ्यांतच जोड्या लावाव्यात आणि त्या दहांची बेरीज समासात लिहावी. शेवटी समासातल्या सहा-सात बेरजांच्या पुन्हा जोड्या. चूक झालीच तर ती कुठल्या दहांत आहे हेही समासावरून कळतं आणि तेवढ्याच दहा ओळी पुन्हा तपासाव्या लागतात.

हे सगळं बेरीज बरोबर आहे की नाही एवढंच सांगतं. मांडलेली किंमतच चुकीची असेल तर जोड्या, ताळा आणि अंदाज सगळे त्या चुकीच्या किमतीवरही जमतील. त्यामुळे रेघा मारायला घेण्याआधी वजन आणि भाव यांचा गुणाकार पाहून घ्यावा. साखर ४६ रुपये किलो, दोन किलोचे ९२. तांदूळ ५८ रुपये किलो, पाच किलोचे २९०. किलोवर सुटा घेतलेला माल चिठ्ठीत थोडाच असतो, पण मोठ्या रकमा त्यातच असतात. आधी तेवढ्या ओळी तपासून घ्याव्यात आणि मग पहिला आठ पाहून त्याचा दोन शोधायला लागावं.